एक वाक्य, दोन भाषा आणि एक खोटा छळ

समजा, जुन्या युक्रेनियन पत्रात एक वाक्य आहे : ‘उ नेदिल्यू ओ त्रेतिय होदिनी चोलोविक पितव मेने प्रो लिस्त.’ अर्थ अगदी घरगुती आहे : रविवारी तीन वाजता नवऱ्याने मला पत्राविषयी विचारले.

आता हेच वाक्य केवळ रशियन जाणणाऱ्या भाषांतरकाराच्या हाती पडले आणि त्याने प्रत्येक शब्दाला रशियन अर्थ लावला, तर काय होईल? रविवारचा आठवडा होईल, घटिकेचा आपत्काळ होईल, नवऱ्याचा कोणी एक माणूस आणि पत्राचे झाडाचे पान होईल. सर्वांत वाईट म्हणजे ‘विचारले’ याच्या जागी ‘छळ केला’ असे येईल. पाच शब्द ओळखीचे वाटले आणि पाचही फसवे निघाले.

हे शब्द परके नाहीत. ते एकाच कुळातले आहेत, म्हणूनच फसवतात. ‘नेदिल्या’ याचा मूळ अर्थ ‘काम न करण्याचा दिवस’. युक्रेनियनने तो रविवारासाठीच राखला आणि आठवड्याला ‘तिझ्देन’, म्हणजे ‘तोच दिवस’ पुन्हा येईपर्यंतचा काळ, असे नाव दिले. रशियनमध्ये मात्र ‘नेदेल्या’ हा शब्द आठवड्यासाठी रूढ झाला, आणि रविवाराला ‘व्होस्क्रेसेन्ये’, म्हणजे पुनरुत्थान, हे ख्रिस्ती धर्मातून आलेले नाव मिळाले. तरी जुन्या अर्थाची खूण रशियनमध्येही उरली आहे : सोमवाराला ती आजही ‘पोनेदेल्निक’, अर्थात ‘नेदेल्यानंतरचा दिवस’ म्हणते.

‘पितव’ची कथा अधिक कठोर आहे. ‘विचारणे’ हा त्या धातूचा जुना अर्थ युक्रेनियनने जपला. रशियनमध्ये चौकशीचा शब्द शारीरिक यातना देऊन केलेल्या चौकशीकडे झुकला आणि अखेरीस ‘पितात’ म्हणजे यातना देणे असे झाले. मूळ अर्थ मात्र रशियनच्याच ‘ल्युबोपित्नी’ (जिज्ञासू) या शब्दात शिल्लक आहे. मराठी वाचकाला हे चटकन उमगेल : संस्कृतातून आलेली ‘शिक्षा’ हिंदीत विद्या ठरली आणि मराठीत दंड. जबानीच्या कागदात असा एक शब्द चुकला, तर साध्या चौकशीचा छळ होतो.

हा गैरसमज केवळ भाषांतरकारांचा नव्हता. एकेकाळी ते राज्याचे धोरण होते. १८६३ साली रशियन साम्राज्याचे गृहमंत्री प्योत्र वालुयेव यांनी काढलेल्या गुप्त परिपत्रकात, युक्रेनियन ही स्वतंत्र भाषा नसून पोलिश प्रभावाने बिघडलेली रशियनच आहे, हे मत नोंदवले गेले. सामान्य लोकांसाठीची धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तके त्या भाषेत छापणे थांबवण्यात आले. १८७६ साली झार दुसरा अलेक्झांडर याने जर्मनीतील एम्स येथे काढलेल्या हुकुमाने निर्बंध आणखी कडक केले, आणि त्या भाषेत भाषांतरे छापण्यालाही मनाई केली. जी भाषा स्वतंत्र नाहीच, तिच्यात भाषांतर करण्यास बंदी घालावी लागली, यातच त्या दाव्याचा विरोधाभास उघड होतो.

१९०५ साली साम्राज्याच्याच विज्ञान अकादमीने हे निर्बंध उठवण्याच्या बाजूने मत दिले. त्यानंतर १९०७ ते १९०९ या काळात बोरिस ह्रिन्चेंको यांनी संपादित केलेला, सुमारे ६८,००० शब्दांचा युक्रेनियन कोश चार खंडांत कीव्हमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शब्दांचे अर्थ रशियनमध्ये दिलेले होते. दोन्ही भाषा एकच असत्या, तर त्या कोशाचे कारणच उरले नसते.

तरीही कोश हाती असला म्हणजे काम संपत नाही. युक्रेनियनच्या काही बोलींत आणि जुन्या लेखनात ‘नेदिल्या’ आठवड्यासाठीही येतो. उलट रशियन चर्चच्या भाषेत ‘नेदेल्या’ म्हणजे आजही रविवारच. म्हणून जाणता भाषांतरकार आधी त्याच कागदात ‘तिझ्देन’ आला आहे का, ते पाहतो. आला असेल, तर ‘नेदिल्या’ बहुधा रविवार असतो. शब्दापूर्वी ‘दोन’ किंवा ‘तीन’ अशी संख्या असेल, तर आठवड्याची शक्यता तपासावी लागते. तारीख दिलेली असेल, तर त्या वर्षाचे पंचांग उघडून वार जुळतो का, हे पाहता येते. मात्र साम्राज्यातील तारखा जुन्या ज्युलियन कालगणनेनुसार असत, हे ध्यानात ठेवूनच.

सर्वांत घातक चूक मात्र अशी असते, जिच्यात वाक्य बिघडत नाही. ‘श्चोनेदिली’ म्हणजे ‘दर रविवारी’. त्याचे ‘दर आठवड्याला’ असे भाषांतर केले, तरी वाक्य सुरळीत वाचले जाते आणि कोणालाही शंका येत नाही. फक्त तो वार कायमचा हरवतो.