एका सर्च सर्व्हरचे शेवटचे साडेसहा तास

ही रात्र हिशोबासाठी मांडलेली आहे. ग्रंथालय, माणसं आणि घड्याळातल्या वेळा रचलेल्या आहेत. सर्व्हर जे करतो, ते मात्र सोलर हे शोध-सॉफ्टवेअर खरोखर जसं करतं तसंच. पहाटे ४:३२ ला मशीन १ बंद पडणार आहे.

रात्री १०:०० (६ तास ३२ मिनिटं बाकी)

अनेक ग्रंथालयांची मिळून एक सूची. नोंदी १ कोटी २० लाख. त्या सहा मशीनवर सहा शार्डमध्ये वाटलेल्या, प्रत्येकीवर सुमारे २० लाख. प्रत्येक मशीनवर सोलरला ८ जीबी हीप मेमरी. शार्डची दुसरी प्रत ठेवायचं पुढच्या वर्षीच्या खर्चात ढकललेलं.

सगळ्या नोंदी शीर्षकाच्या क्रमाने एका फाइलीत काढून हव्या आहेत. काम घेतलेली प्रोग्रामर स्क्रिप्ट सुरू करते. एका वेळी १००० नोंदी, मग पुढच्या १०००:

```
q=*:*&sort=title_sort asc&rows=1000&start=0
q=*:*&sort=title_sort asc&rows=1000&start=1000
```

स्क्रिप्टमध्ये तीन छोट्या गोष्टी आहेत. उत्तर ३० सेकंदांत आलं नाही तर संपर्क तोडून तीच मागणी पुन्हा पाठवायची. किती वेळा पाठवायची याला मर्यादा नाही. आणि पत्ता थेट मशीन १ चा आहे, कारण चाचणीच्या वेळी तोच टाकला होता.

रात्री १०:१० (६ तास २२ मिनिटं बाकी)

दहा मिनिटांत २३५ पानं, म्हणजे २ लाख ३५ हजार नोंदी आल्या. प्रोग्रामर त्रैराशिक मांडते: याच वेगाने साडेआठ तास. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ती फोन करते. "दादा, सकाळी साडेसहाला संपेल. बंद करू नका." तो म्हणतो, "बरं मॅडम," आणि वहीत नोंद करतो.

पहिल्या पानाला पाव सेकंदही लागला नव्हता. २३५ व्या पानाला ४.९ सेकंद लागले. हा आकडा स्क्रीनवर होता.

रात्री ११:०० (५ तास ३२ मिनिटं बाकी)

५९० पानं झाली. एका पानाला आता १२ सेकंद.

पान तेवढंच, हजार नोंदींचं. मग वेळ का वाढतो? मशीन १ ला `start=590000` अशी मागणी आली की क्रमवारीतल्या ५,९०,००१ ते ५,९१,००० या नोंदी द्यायच्या असतात. त्या कोणत्या शार्डमध्ये आहेत हे तिला ठाऊक नाही. दहावीची पूर्वी लागायची ती राज्य गुणवत्ता यादी डोळ्यांसमोर आणा. राज्यात ५,९०,००१ वा कोण हे ठरवायचं, तर प्रत्येक विभागाकडून पहिल्या ५,९१,००० जणांची पूर्ण यादी मागवावी लागते. सगळे हुशार एकाच विभागात निघाले तर? ही शक्यता नाकारता येत नाही, म्हणून कोणत्याच विभागाला "वरचे सोडून द्या" असं सांगता येत नाही.

सहाही शार्ड तेच करतात. प्रत्येक शार्ड ५,९१,००० जागांची एक रांग मेमरीत बांधतो, आपल्या २० लाख नोंदी तिच्यातून गाळतो आणि उरलेल्यांचे क्रमांक नि शीर्षकं मशीन १ कडे पाठवतो. मशीन १ कडे ३५ लाख ४६ हजार ओळी जमतात. ती त्या एकत्र लावते, हजार ठेवते, बाकी टाकून देते. पुढच्या पानासाठी हेच सगळं पहिल्यापासून.

रात्री १२:०० (४ तास ३२ मिनिटं बाकी)

पानाला १७ सेकंद. पहिल्या तासात ५ लाख ९० हजार नोंदी आल्या होत्या. दुसऱ्या तासात २ लाख ४९ हजार. ऑपरेटर स्क्रीन पाहतो. आकडा वाढतोय. स्क्रिप्ट एकूण नोंदी दाखवते, वेग दाखवत नाही.

रात्री १२:५० (३ तास ४२ मिनिटं बाकी)

१००० वं पान. फाइलीत १० लाख नोंदी आल्या. त्या आणण्यासाठी सहा शार्डनी मिळून मशीन १ कडे आतापर्यंत ३०० कोटी ३० लाख ओळी पाठवल्या. पानांचा आकडा दुप्पट झाला की एकूण काम चौपट होतं. या चालीने १२,००० वं पान यायला कित्येक दिवस लागतील. सकाळी साडेसहाचा अंदाज अजून वहीत आहे.

रात्री २:०० (२ तास ३२ मिनिटं बाकी)

पानाला २४ सेकंद. मशीन २ ते ६ च्या लॉगमध्ये अशा ओळी उमटत आहेत:

```
isShard=true&start=0&rows=1191000
```

रात्रीतला सगळ्यात स्पष्ट इशारा हाच. बाहेरून मागितलं होतं `start=1190000&rows=1000`; आत शार्डकडे जाताना त्याचं `start=0` आणि जवळपास १२ लाख `rows` झालं. ही ओळ वाचणाऱ्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. पण या पाच मशीनचे लॉग रात्री कोणी उघडत नाही. इशाऱ्याची घंटा फक्त मशीन बंद पडल्यावर वाजते, मंद झाल्यावर नाही.

पहाटे ३:०० (१ तास ३२ मिनिटं बाकी)

पानाला २६.८ सेकंद. मशीन १ ला आता एका मागणीसाठी सुमारे ८० लाख ओळी धराव्या लागतात. ओळीमागे २०० बाइट धरू. जावामध्ये हा अंदाज कमीच आहे. म्हणजे १.६ जीबी, एका पानापुरते. ते मिळतात, वापरले जातात, फेकले जातात. जावाची कचरा-सफाई मागोमाग चालू आहे. मागणी एका वेळी एकच आहे, म्हणून निभावतंय.

एका वाचकाचा शोध नेहमीपेक्षा चार सेकंद उशिरा येतो. तो पुन्हा बटण दाबतो. दुसऱ्यांदा लगेच येतो.

पहाटे ४:१५ (१७ मिनिटं बाकी)

`start=1490000`. या पानाला ३०.०२ सेकंद लागतात. स्क्रिप्ट ३० व्या सेकंदाला संपर्क तोडते आणि तीच मागणी पुन्हा पाठवते.

समोरचा निघून गेला हे सोलरला कळत नाही. ते काम पुरं करतं, उत्तर तयार करतं, आणि घ्यायला कोणी नसतं. पुढची पंधरा मिनिटं स्क्रिप्ट तेच पान तीस वेळा मागते. एकदाही मिळत नाही. दर वेळी ८९ लाख ४६ हजार ओळी मशीन १ कडे येतात आणि टाकल्या जातात. स्क्रीनवरचा आकडा १४,९०,००० वर थांबला आहे. ऑपरेटर चहाला गेला आहे.

पहाटे ४:३० (२ मिनिटं बाकी)

दिवसभरात आलेल्या नव्या नोंदी सूचीत घेण्याचं रोजचं काम सुरू होतं. नोंदी घेतल्या की सोलर इंडेक्सचं ताजं रूप उघडतं आणि त्याचे कॅश जुन्यांवरून भरून घेतं. तेवढा वेळ जुने आणि नवे दोन्ही मेमरीत असतात. एरवी ३ जीबी व्यापलेले असतात, आता ४.

सहाही मशीन या कामात गुंतल्यामुळे एका पानाला मिनिटाहून जास्त लागू लागतं. स्क्रिप्टचं घड्याळ मात्र ३० सेकंदांचंच आहे. पहिली मागणी चालू असताना दुसरी येते, दुसरी चालू असताना तिसरी. प्रत्येकीला १.८ जीबी हवे आहेत.

पहाटे ४:३२

तीन मागण्यांचे ५.४ आणि आधीचे ४. हीप ८ जीबी. मशीन १ वर `java.lang.OutOfMemoryError`. मेमरी संपल्यावर सोलरने स्वतःला बंद करावं अशी सोय लावलेली आहे, ती चालते.

मशीन १ च्या शार्डची दुसरी प्रत नाही. उरलेल्या पाच मशीन ठणठणीत आहेत, पण सोलर अर्धवट उत्तर आपणहून देत नाही. प्रत्येक वाचकाच्या प्रत्येक शोधाला एकच उत्तर:

```
no servers hosting shard:
```

पहाटे ४:४०

सर्व्हिस आपोआप पुन्हा सुरू होते. शोध चालू होतो. स्क्रिप्ट थांबलेली नाही. ती `start=1490000` मागते. कॅश रिकामे आहेत, पान आणखी संथ आहे, मागण्या एकमेकींवर चढतात. ४:४३ ला मशीन १ पुन्हा बंद.

सकाळी ७ पर्यंत हेच चक्र चालतं.

सकाळी ७:१०

प्रोग्रामर येते, मशीन २ चा लॉग उघडते, `rows=1491000` वाचते आणि स्क्रिप्ट बंद करते. मशीन १ तीन मिनिटांत सावरते. सर्व्हरमध्ये काहीही दुरुस्त करावं लागत नाही.

सकाळी ७:४०

स्क्रिप्टमधून `start` काढलं जातं:

```
q=*:*&sort=title_sort asc,id asc&rows=1000&cursorMark=*
```

ही सोय सोलरच्या ४.७ या आवृत्तीत, २०१४ साली आली. उत्तरासोबत `nextCursorMark` नावाची एक खूण येते. पुढच्या मागणीत तीच परत द्यायची. खुणेत पान क्रमांक नसतो, शेवटच्या नोंदीची क्रमवारीतली किंमत असते: "ज्ञानेश्वरी, नोंद क्रमांक अमुक". आता शार्डला विचारलं जातं, याच्या नंतरच्या १००० कोणत्या? आधीची नोंद समोर आली की शार्ड तिला रांगेत न घेता पुढे जातो. रांग हजाराचीच राहते. मशीन १ कडे पहिल्या पानाला ६००० ओळी येतात आणि बाराहजाराव्यालाही त्याहून जास्त नाहीत. सर्व्हर दोन मागण्यांच्या मध्ये काहीच लक्षात ठेवत नाही. सगळं त्या खुणेत आहे.

`id asc` जोडलं नाही तर सोलर मागणी नाकारतं, आणि ते बरोबरच आहे. ज्ञानेश्वरीच्या आवृत्त्या शेकड्यांनी आहेत. नुसत्या शीर्षकावर खूण ठेवली तर त्यातली कितवी झाली हे ठरत नाही. काही नोंदी सुटतील किंवा दोनदा येतील. मधेच कुणी शीर्षक बदललं तर तीच गोष्ट कर्सरनेही होऊ शकते. आणि कर्सरने थेट ९०० व्या पानावर उडी मारता येत नाही, एकामागून एकच जावं लागतं. निर्यातीला उडी लागत नाही. खरं तर वाचकालाही ९०० वं पान कधी लागत नाही. त्याला शोध नेमका करायला हवा असतो.

सकाळी ८:२४

पाठवलेली खूण आणि परत आलेली खूण सारखीच निघते. नोंदी संपल्याची ती निशाणी. पानं १२,०००, लागलेला वेळ ४४ मिनिटं.

दुपारी समोरच्या प्रॉक्सीवर नियम बसतो: `start` आणि `rows` यांची बेरीज १०,००० च्या वर गेली तर मागणी परत. इलॅस्टिकसर्चमध्ये एवढीच मर्यादा मुळातच घातलेली असते, आणि ती वाढवून घेण्यासाठी लोक सेटिंग शोधत असतात. तुमच्याकडे सोलर असेल तर आज शार्डच्या लॉगमध्ये `rows=` चा सगळ्यात मोठा आकडा बघून घ्या.