चार रकान्यांचा तक्ता

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर तोंडावर आला की बी.ए.च्या विद्यार्थ्यांच्या वहीत एक तक्ता उगवतो. आडवा कागद, त्यावर चार रकाने: विकृती, लक्षणे, कारणे, उपचार. छिन्नमनस्कता, नैराश्य, दुर्भीती, कल्पना-क्रिया अनिवार्यता अशा ओळी खाली उतरत जातात आणि सातशे पानांचं पुस्तक दोन पानांत मावतं. ‘लक्षणे, कारणे व उपचार स्पष्ट करा’ हा प्रश्न ठरलेलाच असतो, म्हणून उत्तराचा साचाही ठरून गेला आहे.

हे चारही रकाने मुळात एकमेकांसाठी बनलेले नाहीत. ते वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी तयार केले आणि पाठ्यपुस्तकाने शेजारी शेजारी बसवले. ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की मात्र वाटतं, आजार ओळखला, त्याचं कारण सापडलं, मग त्या कारणावर इलाज निघाला. बहुतेक ओळींचा इतिहास असा नाही.

विकृतींची आधुनिक यादीच मुळी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका संक्षेपात वाढली. 1883 साली सत्तावीस वर्षांचा एमिल क्रेपेलिन लाइपझिगमधल्या रुग्णालयाची नोकरी गमावून बसला होता. पैशांची चणचण होती. वूंट या त्याच्या गुरूने सुचवलं की मनोविकारांवर एक छोटं पुस्तक लिही. त्याने लिहिलं, आणि मुखपृष्ठावरच सांगितलं की हा संक्षेप विद्यार्थी आणि डॉक्टर यांच्या उपयोगासाठी आहे. हे पुस्तक पुढे आवृत्तीगणिक फुगत गेलं. आठवी आवृत्ती अनेक खंडांची झाली. मधल्या 1899 च्या सहाव्या आवृत्तीत त्याने जी मोठी विभागणी पक्की केली, तिच्यावर आजचे तक्ते उभे आहेत: तरुण वयात सुरू होऊन बुद्धी खचवत नेणारा विकार एका बाजूला, आणि झटक्याझटक्याने येऊन मधल्या काळात माणसाला बरा सोडणारा उन्माद-अवसाद दुसऱ्या बाजूला. पहिल्याला ब्लॉयलर यांनी पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं.

क्रेपेलिन ही विभागणी करायला कार्डं वापरी. हायडेलबर्गच्या रुग्णालयात प्रत्येक रोग्याच्या जाडजूड कागदपत्रांतून नेमकं तेवढं उचलून तो एका कार्डावर उतरवी: लक्षणं काय, आजार कसा पुढे गेला, शेवटी रोग्याचं काय झालं. मग कार्डं मांडायची, ढीग करायचे, पुन्हा मोडायचे. इतिहासकारांनी ही कार्डं मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिली, तेव्हा दिसलं की काय उचलायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना त्याच्या मनातल्या कल्पना आधीच कामाला लागलेल्या होत्या. सारांश करणारा माणूस निवड करतोच. पण क्रेपेलिनला सगळ्यात मोलाचा रकाना होता तो आजाराचा मार्ग आणि शेवट यांचा. एकसारखी लक्षणं असलेले दोन रोगी तो केवळ पुढे काय झालं यावरून वेगळे करी. आपल्या परीक्षेच्या तक्त्यात नेमका हाच रकाना गळून पडला आहे. माझ्या मते ही या तक्त्याची सगळ्यात मोठी उणीव. छिन्नमनस्कतेची लक्षणं पाठ असलेल्या विद्यार्थ्याला, हा विकार साधारण कोणत्या वयात सुरू होतो आणि वर्षानुवर्षं कसा चालतो, हे विचारलं तर तो अडतो.

लक्षण, कारण, उपचार अशी ओळ सरळ लागावी ही अपेक्षा मात्र हवेतली नव्हती. क्रेपेलिनच्या पिढीसमोर एक खरं उदाहरण होतं. त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांत एक विशिष्ट रोगी पुष्कळ दिसे. मी मोठा सरदार आहे, कोट्यधीश आहे असे त्याचे भ्रम, अडखळती वाणी, पुढे हातपाय लुळे पडणं आणि काही वर्षांत मृत्यू. 1822 साली पॅरिसमध्ये बेल या तरुण डॉक्टरने या रोगाचं वर्णन मांडलं. मागे गरमीचा, म्हणजे उपदंशाचा रोग आहे असा संशय बळावत गेला, आणि 1913 मध्ये नोगुची व मूर यांना अशा रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू प्रत्यक्ष सापडले. 1917 साली व्हिएन्नात वाग्नर-याउरेग यांनी या रोग्यांना मुद्दाम हिवताप देऊन, त्या तापाने आजार आटोक्यात येतो असं दाखवलं. त्यासाठी त्यांना 1927 चं नोबेल मिळालं. मग पेनिसिलिन आलं आणि प्रश्न सुटला.

चारही रकाने पक्क्या शाईने भरलेली ही ओळ. पण आजच्या तक्त्यात ती शोधायला जाल तर मिळत नाही, कारण मूळ सापडताच तो रोग जंतुसंसर्गाच्या पुस्तकात गेला. मनोविकारांच्या यादीत ज्या ओळी उरल्या, त्यांच्या कारणांचा रकाना वेगळ्या जातीचा आहे. तिथे जंतूसारखं एक कारण नाही. तिथे संभाव्यता वाढवणारे घटक आहेत.

लक्षणांच्या रकान्याला आजचं मोजणीचं रूप मिळालं ते डॉक्टरांच्या आपसातल्या मतभेदांमुळे. 1970 च्या सुमाराला न्यूयॉर्क आणि लंडनच्या मनोविकारतज्ज्ञांची तुलना झाली, तेव्हा सारखेच रोगी असूनही न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचा शिक्का कितीतरी सढळपणे मारत होते. 1972 मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने यावर एक उपाय प्रसिद्ध केला. त्यांच्या लेखाचा पहिला लेखक जॉन फायनर तेव्हा प्रशिक्षणार्थी डॉक्टर होता. प्रत्येक विकाराची लक्षणं क्रमांक घालून लिहायची, आणि त्यांपैकी किती हवीत ते आकड्यात सांगायचं, अशी ती पद्धत. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली 1980 साली निघालेल्या डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीने तीच उचलली.

नैराश्याच्या एकाच ओळीत हे आकडे कसे हलले ते बघण्यासारखं आहे. फायनर यांच्या यादीत खिन्न मनःस्थिती, शिवाय आठांपैकी पाच लक्षणं आणि किमान महिनाभराचा काळ. 1980 मध्ये आठांपैकी चार आणि दोन आठवडे. 1987 च्या सुधारित आवृत्तीत नऊपैकी पाच, त्यांत खिन्नता किंवा रस उडणं यांतलं एक तरी हवंच. आजही विद्यार्थी हेच ‘नऊपैकी पाच’ पाठ करतो. हे आकडे एखाद्या मोजमापातून निघालेले नाहीत. अनुभवी माणसांनी एकत्र बसून मारलेल्या रेघा आहेत त्या, आणि एकमत व्हावं एवढ्यासाठीच मारलेल्या. त्यांचा परिणाम मात्र दूरवर जातो. नऊपैकी पाच किंवा जास्त, आणि दोन मुख्य लक्षणांपैकी एक तरी, ही अट 227 वेगवेगळ्या जोडण्यांनी पुरी होते. एकीचं मन खिन्न आहे, झोप उडाली, भूक मेली, थकवा आहे, अपराधी वाटतं. दुसऱ्याला खिन्न वाटत नाही, पण कशातच रस नाही, हालचाल मंदावली आहे, लक्ष लागत नाही, मरणाचे विचार येतात आणि थकवा आहे. दोघांत सामाईक लक्षण थकवा एवढंच, आणि तक्त्यात दोघं एकाच ओळीत.

त्या तिसऱ्या आवृत्तीने आणखी एक गोष्ट जाणूनबुजून केली. कारणं ठाऊक नसतील तिथे कारणांवर बोलायचंच नाही असं ठरवलं. मनोविश्लेषणवाले आणि मेंदूवाले यांच्यात कारणांवरून हाडवैर होतं. लक्षणांवर दोघांचं जुळण्यासारखं होतं, म्हणून यादी लक्षणांपुरती ठेवली. म्हणजे लक्षणांचा रकाना ज्या ग्रंथातून आला, त्याच्यात शेजारचा कारणांचा रकाना मुद्दाम कोरा होता. तो भरला पाठ्यपुस्तकांनी. जेम्स कोलमन यांचं 1950 चं पुस्तक आणि त्याच परंपरेतलं कार्सन-बुचर यांचं पुस्तक आपल्याकडे कॉलेजांत पुष्कळ वापरलं गेलं. त्यांत जैविक, मानसिक आणि सामाजिक-सांस्कृतिक अशी घटकांची वाटणी असते. तीच गाईडमध्ये आली आणि तीच तक्त्यात.

उपचारांचा रकाना तर कित्येकदा कारणांच्या आधी लिहिला गेला. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयात रोलांड कून एक नवं रसायन छिन्नमनस्कतेच्या रोग्यांवर तपासत होते. त्यांना त्याचा फायदा झाला नाही, पण नैराश्याचे रोगी त्याने सुधारताना दिसले. 1957 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. ते औषध म्हणजे इमिप्रामीन. ते चेतापेशींमधल्या नॉरएपिनेफ्रिनवर कसं काम करतं हे नंतर उमगलं, आणि 1965 मध्ये शिल्डक्राउट यांनी मांडलं की काही नैराश्यांत तरी याच द्रव्याची कमतरता असावी. औषध आधी, कारणाचा तर्क मागाहून. तक्त्यात ‘चेतापारेषकांचे असंतुलन’ असं डावीकडे आणि ‘नैराश्यरोधी औषधे’ असं उजवीकडे लिहिलं की हा क्रम उलटा होऊन बसतो. तापावर पॅरासिटामॉल लागू पडतं म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येत नाही.

मग विद्यार्थ्याने तक्ता करू नये का? जरूर करावा, पण कारणांचा रकाना तपासून. त्याची एक सोपी कसोटी आहे. एका ओळीतला मजकूर कापून दुसऱ्या ओळीत चिकटवला आणि काही बिघडलं नाही, तर तो मजकूर निकामी. ‘आनुवंशिकता, ताण, कौटुंबिक वातावरण’ हे दुर्भीतीपासून छिन्नमनस्कतेपर्यंत कुठेही बसतं, त्यामुळे परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही.

नैराश्याची ओळ मी अशी लिहीन. लक्षणांत नऊपैकी पाच, दोन आठवडे, पूर्वीपेक्षा बदल, आणि कामात किंवा संसारात अडथळा. शेवटची अट विद्यार्थी हमखास विसरतात. याच ठिकाणी ‘पूर्वी कधी उन्मादाचा झटका आलेला नाही’ हेही, कारण तो आला असेल तर ओळच बदलते आणि औषधही. त्यापुढे गळालेला रकाना परत आणून: बहुधा झटक्यांनी येणारा, पुन्हा उलटण्याचा धोका असलेला. कारणांत प्रत्येक मुद्द्याला त्याचा आधार जोडून: जुळ्यांच्या अभ्यासातून दिसणारा मध्यम आनुवंशिक वाटा, जवळचं माणूस गमावण्यासारखे धक्के, ॲरन बेक यांनी सांगितलेली स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयीची नकारात्मक विचारसरणी. उपचारांत औषधं, बेक यांची बोधात्मक उपचारपद्धती आणि आंतरव्यक्तिक उपचारपद्धती. या दोन्ही मानसोपचारांची नावं अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या समितीने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पुराव्याने सिद्ध उपचारांच्या यादीत आहेत.

जुन्या नोट्सवरून उतरवलेला तक्ता ओळखायलाही वेळ लागत नाही. त्यात छिन्नमनस्कतेचे संभ्रमी, ताठर, विस्कळीत असे उपप्रकार असतात आणि कल्पना-क्रिया अनिवार्यता चिंता विकृतींत असते. डीएसएमच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीने उपप्रकार काढून टाकले आणि अनिवार्यतेला वेगळं प्रकरण दिलं. शिवाय आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा निदानाचे निकष सांगताना नाव घेतो ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या ताज्या आवृत्तीचं. त्या अकराव्या आवृत्तीत नैराश्याची लक्षणं नऊ नाहीत, दहा आहेत. दहावं आहे आशा संपल्याची भावना.