टक्केवारी बरोबर, पण आधार कोणता?

तिमाही निकालांच्या वृत्तांत विक्रीवाढीची टक्केवारी ठळकपणे दिलेली असते. ही वाढ मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी तुलना करून काढतात. मात्र तुलनेचा आधार बदलला असेल, तर आकडेमोड अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्या वर्षीचे निकाल हे याचे उत्तम उदाहरण होय.

त्यापूर्वी नव्या लेखा मानकांनुसार कारखानदार कंपन्यांच्या विक्रीच्या आकड्यात उत्पादन शुल्क धरले जाई आणि तेच शुल्क पुढे खर्चात दाखवले जाई. वस्तू व सेवा कर मात्र विक्रीत धरला जात नाही. परिणामी २०१७-१८ या वर्षात एप्रिल ते जून या तिमाहीची विक्री शुल्कासह आणि जुलै ते सप्टेंबरची शुल्काविना, अशी स्थिती झाली. दोन्ही तिमाहींची सहामाही बेरीज दोन वेगळ्या मापांनी मोजलेली होती.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, एका कंपनीने पहिल्या तिमाहीत १३० कोटी रुपयांची विक्री आणि ४ टक्के वाढ जाहीर केली. दुसऱ्या तिमाहीत विक्री १३२ कोटी आणि वाढ १० टक्के. सहामाहीची एकूण विक्री २६२ कोटी आणि वाढ १.९ टक्के. बेरीज बिनचूक आहे, तरीही येथे काहीतरी खटकावयास हवे. दोन तिमाहींची वाढ ४ आणि १० टक्के असेल, तर सहामाहीची वाढ या दोहोंच्या दरम्यानच असली पाहिजे. ती १.९ टक्के असूच शकत नाही.

दोष कोठे आहे, हे शोधण्यासाठी टक्केवारीवरून उलट गणित करावे. चालू विक्रीला, एक अधिक वाढीचा दर, याने भागले की मागील वर्षाचा आधार मिळतो. १३० भागिले १.०४ म्हणजे १२५ कोटी. १३२ भागिले १.१० म्हणजे १२० कोटी. २६२ भागिले १.०१९ म्हणजे सुमारे २५७ कोटी. दोन तिमाहींच्या आधारांची बेरीज मात्र २४५ कोटीच होते. म्हणजे १२ कोटींची तफावत राहते. टक्केवारी पूर्णांकात दिल्याने पडणारा फरक या उदाहरणात दीड कोटीच्या आसपास असू शकतो, १२ कोटींचा नव्हे.

आता मागील वर्षीचा मूळ अहवाल उघडावा. त्यात दुसऱ्या तिमाहीची विक्री १३२ कोटी छापलेली असून त्यात १२ कोटींचे उत्पादन शुल्क आहे. उलगडा झाला. कंपनीने तिमाहीची तुलना करताना शुल्क वगळले, सहामाहीची तुलना करताना मात्र ते तसेच ठेवले.

दुरुस्ती कशी करावी?

सर्व आकडे एकाच मापावर आणावेत. खर्चाच्या बाजूस शुल्क स्वतंत्र दाखवलेले असते, त्यामुळे हे शक्य होते. समजा, पहिल्या तिमाहीत शुल्क यंदा ११ कोटी आणि मागील वर्षी १० कोटी होते. ते वजा करता विक्री अनुक्रमे ११९ आणि ११५ कोटी राहते, म्हणजे वाढ सुमारे साडेतीन टक्के. सहामाहीची विक्री २५१ कोटी, मागील वर्षीची २३५ कोटी, आणि वाढ ६.८ टक्के. ही वाढ साडेतीन आणि १० यांच्या दरम्यान आहे. म्हणजे १.९ टक्के वाचून कंपनी मंदावली असे समजणारा गुंतवणूकदार फसला असता.

पहिली चाचणी एकटी पुरेशी नाही, हेही लक्षात ठेवावे. चुकीच्या आधारावरची वाढही योगायोगाने दोन टक्केवारींच्या दरम्यान पडू शकते. म्हणून आधारांची बेरीज आणि जुना छापील अहवाल या दोन्ही गोष्टी पडताळून पाहणे आवश्यक ठरते. निकालाच्या तक्त्याखालील बारीक अक्षरांतील टिपाही वाचाव्यात. 'आकडे तुलनायोग्य नाहीत' ही सूचना तेथेच असते.

अशा बदलाचा परिणाम एका तिमाहीत संपत नाही. एप्रिल ते जून २०१८ या तिमाहीची तुलनाही शुल्कासह मोजलेल्या आधाराशी होत होती. जुलै ते सप्टेंबर २०१८ पासून तिमाहीच्या दोन्ही बाजू एका मापावर आल्या. सहामाही आणि वार्षिक बेरजांच्या आधारात मात्र शुल्कासहची ती एक तिमाही मार्च २०१९ पर्यंत राहिली.