फडक्यातलं दही

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात पाणी काढलेल्या दह्यात साखर घालून केलेली ‘शिखरिणी’ येते. आपल्या श्रीखंडाची ही पूर्वज. म्हणजे दही फडक्यात बांधून टांगायची रीत आपल्याकडे निदान नऊशे वर्षांची आहे. ग्रीसमध्येही दही गाळून घट्ट करतात. फिलिपू कुटुंबाचं दुग्धालय 1926 साली अथेन्समध्ये निघालं, आणि याच घराण्याच्या ‘फागे’ कंपनीने पुढे ते दही जगभर नेलं. आज आपल्या दुकानांत ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून जे मिळतं, ते चक्क्याचंच भावंड.

फडक्यात नेमकं काय घडतं? गाईच्या दुधाचं एक किलो दही घ्या. त्यात साधारण 880 ग्रॅम पाणी आणि 35 ग्रॅम प्रथिनं असतात. ते टांगल्यावर 600 ग्रॅम निवळी गळाली, तर तिच्याबरोबर चारेक ग्रॅम प्रथिनं जातात. उरलेल्या 400 ग्रॅममध्ये 31 ग्रॅम प्रथिनं राहतात. साध्या दह्यात शंभराला साडेतीन होती, इथे पावणेआठ झाली. पाणी मात्र अजूनही शंभरात 79 आहे! बाजारच्या चक्क्यासाठी सरकारी मानक किमान 30 टक्के घनपदार्थ मागतं. तिथवर पोचायला हेच दही गाळून पाव किलोपर्यंत आणावं लागतं. म्हशीच्या दुधात मुळातच घनपदार्थ जास्त, म्हणून त्याच्या किलोभर दह्याचा तितकाच घट्ट चक्का चारशे ग्रॅमच्या पुढे भरतो. श्रीखंडाला म्हशीचं दूध का हवं, ते इथे कळतं.

आंबटपणाबद्दल मात्र गैरसमज आहे. पाणी गेल्याने आंबटपणा दाटत नाही, कारण आम्ल पाण्यातच विरघळलेलं असतं आणि त्याच्याबरोबर गळून जातं. चक्का आंबट होतो तो वेळेमुळे आणि उष्णतेमुळे: टांगलेल्या दह्यात जिवाणूंचं काम चालूच राहतं. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगलेला चक्का म्हणूनच आंबट निघतो. दही गोडसर असतानाच बांधावं आणि फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवावं. गळालेलं पाणी चाखून पाहा; ते जितकं आंबट, तितकाच चक्का. ते हिरवट-पिवळं आणि नितळ हवं. दुधासारखं पांढरं आलं, तर दही नीट लागलेलं नाही किंवा कापड विरळ आहे, आणि प्रथिनं वाहून चालली आहेत. थेंब थांबले, चक्का कापडापासून सहज सुटला, की झालं.

विकतचं घट्ट दही घेताना डब्यावरची प्रथिनं जरूर वाचा. स्टार्च किंवा जिलेटिन घालूनही दही घट्ट करता येतं, पण त्याने गाळलेल्या दह्याइतकी प्रथिनं येत नाहीत.