जलसंजीवनी आणि झिंक: एका पुडीला एक लिटरच पाणी

लहान मुलांच्या जुलाबात जलसंजीवनी (ओ.आर.एस.) देतात हे आता बहुतेक आयांना माहीत असते. चूक होते ती पाण्याच्या मापात. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. पण एवढे पाणी बाळ कुठे पिणार, असे वाटून आई अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकते. अशा पाण्याने बाळाला अपाय होऊ शकतो.

पुडीत काय असते?

एक लिटरच्या प्रमाणित पुडीत २०.५ ग्रॅम पूड असते: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. जुलाब चालू असतानाही आतडे ग्लुकोज आणि मीठ एकत्र शोषून घेते आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात जाते. यासाठी दोन्हींचे प्रमाण बरोबर लागते.

अर्धी पुडी २०० मि.ली. पाण्यात टाकली तर मिश्रण अडीचपट तीव्र होते. ते उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते, त्यामुळे जुलाब वाढतात. रक्तातले मीठ वाढून बाळाची तहान भागत नाही. ते चिडचिडे होते, गुंगीत जाते, झटकेही येऊ शकतात. पाणी जास्त झाले तर मिश्रण सौम्य होते आणि गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत.

तयार करण्याची पद्धत

१. हात साबणाने धुवा.
२. एक लिटरची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरून स्वच्छ पातेल्यात ओता. घरातले पेले लहानमोठे असतात, म्हणून पेल्याने मोजू नका.
३. पाणी उकळून गार केलेले असल्यास उत्तम. नसेल तर पिण्याचे पाणी वापरा, पण थांबू नका.
४. पूर्ण पुडी टाकून विरघळेपर्यंत ढवळा. नंतर उकळू नका. साखर, मीठ, दूध किंवा सरबत घालू नका.
५. चव घेऊन पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्या आणि नवीन करा.
६. झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेले टाकून द्या.

बाजारात २०० मि.ली. पाण्यासाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. म्हणून पुडीवरचे पाण्याचे माप आधी वाचा. खोक्यातली तयार गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

किती द्यायचे? एक उदाहरण

समजा, १४ महिन्यांची, ९ किलो वजनाची मुलगी आहे. सकाळपासून सहा पातळ जुलाब झाले आहेत. ती चिडचिडी आहे, अधाशासारखे पाणी पिते, डोळे खोल गेले आहेत. पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर येते. हा मध्यम शोष आहे. तिला आरोग्य केंद्रात न्यावे. तिथे किलोमागे ७५ मि.ली. म्हणजे सुमारे ६७५ मि.ली. जलसंजीवनी ४ तासांत पाजतात. आकडा मोठा वाटतो. पण चहाचा चमचा ५ मि.ली.चा धरला आणि मिनिटाला एक चमचा दिला, तर तासाला ३०० मि.ली. जाते. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे.

शोष नसेल किंवा भरून निघाला असेल, तर घरी प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मि.ली. आणि मोठ्या मुलाला १०० ते २०० मि.ली. द्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचे जेवण चालूच ठेवावे.

झिंक १४ दिवस

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला २० मि.ग्रॅ.ची एक गोळी रोज, तर २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी रोज द्यावी. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. सिरप असेल तर चमच्याचे माप डॉक्टरांकडून समजून घ्या. जुलाब थांबले की गोळ्या बंद करणे ही नेहमीची चूक आहे. पूर्ण १४ दिवस दिल्याने पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.

आईला शिकवताना

आरोग्यसेविकेने 'समजलं का?' असे विचारले तर आई 'हो' म्हणते. त्याऐवजी म्हणावे, 'ताई, तुमच्या घरातलं भांडं घ्या आणि मला करून दाखवा.' पाणी किती घेतले, पुडी पूर्ण रिकामी केली का, हे पाहावे. एक लिटर पाणी जिथपर्यंत येते तिथे भांड्यावर खूण करून ठेवावी. झिंकसाठी कॅलेंडरवर १४ दिवसांना गोल करून द्यावेत. आणखी एक गोष्ट सांगावी: जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत, तिचे काम शोष भरून काढण्याचे आहे. हे सांगितले नाही तर 'गुण येत नाही' म्हणून आई ती बंद करते.

ताबडतोब रुग्णालयात न्या

बाळ गुंगीत असेल, पीत नसेल, सारखी उलटी होत असेल, शौचात रक्त असेल, झटके आले असतील किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल तर घरी थांबू नका. दोन महिन्यांखालील बाळाला जुलाब झाल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा. बाळ पिऊ शकत असेल तर वाटेतही चमच्याने पाजत राहा.