रेझ्युमे व मुलाखत-मार्गदर्शन: शुल्क आणि यशाचा दावा

नवपदवीधरांना रेझ्युमे लेखन आणि मुलाखतीचा सराव शिकविणाऱ्या मार्गदर्शकाचे शुल्क कामाच्या तासांवरून ठरविता येते. रेझ्युमेसाठी 2 आणि सराव-मुलाखतींसाठी 3 तास लागल्यास ताशी 400 रुपये दराने 2,000 रुपये होतात.

मागील यश सांगताना मात्र टक्केवारी कोणत्या संख्येवर काढली, हे महत्त्वाचे असते. समजा, 40 जणांनी शुल्क भरले, 12 जणांना मुलाखतीचे बोलावणे आले आणि त्यांपैकी 6 जणांना नोकरी मिळाली, तर यश 15 टक्के ठरते. केवळ मुलाखतीपर्यंत पोहोचलेले मोजल्यास तेच 50 टक्के भासते. त्यामुळे एकूण प्रवेशसंख्या आणि कालावधी विचारणे आवश्यक ठरते.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.