मागोवा एका पोत्याचा
ईआरपीतील लॉटची नोंद आणि सदोष माल परत बोलावण्याचे गणित

फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमधील दुकानांतून पिझ्झा, तयार जेवणाची पाकिटे, सॉस, नूडल्स असे साडेतीनशेहून अधिक खाद्यपदार्थ घाईघाईने काढून घ्यावे लागले. या साऱ्या पदार्थांत समान धागा एकच होता. त्यांच्यात एका विशिष्ट कारखान्याचा वूस्टर सॉस वापरलेला होता, त्या सॉसमध्ये मिरचीची पूड होती आणि त्या पुडीत ‘सुदान-१’ नावाचा, खाद्यपदार्थांत बंदी असलेला लाल औद्योगिक रंग मिसळलेला होता. ही पूड २००२ साली भारतातून गेली होती. इटलीला निर्यात झालेल्या सॉसच्या तपासणीत रंग सापडला, तेव्हा पूड केव्हाच सॉसमध्ये आणि सॉस शेकडो पदार्थांत विरघळून गेला होता. पुडीचे पोते ज्या कारखान्यात उघडले गेले, तेथून ग्राहकाच्या ताटापर्यंत तीन-चार कारखाने मध्ये होते. यादी दिवसागणिक वाढत गेली, कारण प्रत्येक कारखान्याला ‘हा सॉस आपण कशाकशात घातला?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या दप्तरातून शोधावे लागत होते.

हे उत्तर देणारे दप्तर आज बहुतेक मोठ्या कारखान्यांत ‘एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग’ अर्थात ईआरपी या संगणकप्रणालीत असते. खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री आणि हिशेब या विभागांची नोंद एकाच ठिकाणी ठेवणारी ही प्रणाली. मालाचा मागोवा घेण्याची सोय हा तिचाच एक भाग. माल परत बोलावण्याची वेळ आली, म्हणजे या सोयीचा खरा कस लागतो.

लॉट आणि अनुक्रमांक

मागोव्याचे एकक दोन प्रकारचे असते. एकाच वेळी, एकाच परिस्थितीत तयार झालेल्या किंवा आलेल्या मालाच्या गटाला एक क्रमांक दिला, की तो लॉट किंवा बॅच. औषधाच्या पट्टीवर आणि मसाल्याच्या पाकिटावर छापलेला बॅच क्रमांक तो हाच. प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक दिला, की तो अनुक्रमांक किंवा सिरियल नंबर. तो मोबाइल, फ्रिज, वाहनाचे इंजिन यांवर असतो. दहा-वीस रुपयांच्या पाकिटाला स्वतंत्र क्रमांक देऊन त्याची नोंद सांभाळणे परवडत नाही, म्हणून तेथे लॉटवर भागवले जाते.

ईआरपीत या क्रमांकांची नुसती यादी नसते. तेथे दुवे असतात. कोणत्या पुरवठादाराकडून कोणता लॉट आला, तो कोणत्या उत्पादन आदेशासाठी गोदामातून दिला गेला, त्या आदेशातून कोणता नवा लॉट तयार झाला आणि तो कोणत्या बिलावर कोणाकडे रवाना झाला, अशी ही साखळी असते. ती दोन्ही दिशांनी वाचता येते. तयार मालाकडून कच्च्या मालाकडे जाणे हा मागचा शोध, तर कच्च्या मालाकडून ग्राहकाकडे जाणे हा पुढचा शोध. एसएपी या प्रणालीत MB56 हा संकेत टंकला, की एखाद्या बॅचचा असा वृक्ष पडद्यावर उलगडतो. इतर प्रणालींत नावे वेगळी असली, तरी तत्त्व हेच.

एक हिशेब

उदाहरणादाखल मसाल्याचा एक कारखाना घेऊ. त्याच्याकडे मिरचीपुडीची २५ किलोंची ८० पोती आली. गाडी एकच असली, तरी पुरवठादाराचे लॉट दोन होते. कारखान्याने त्यांना ४१२ आणि ४१३ असे आपले क्रमांक दिले. ४१२ मध्ये ४८ पोती म्हणजे १,२०० किलो, तर ४१३ मध्ये ३२ पोती म्हणजे ८०० किलो पूड होती. तीन आठवड्यांनी पुरवठादाराने कळवले, की ४१२ च्या पुडीत रंगाची भेसळ आढळली आहे.

पहिले काम शोधाचे नव्हे, थांबवण्याचे. ईआरपीत ४१२ चा आणि त्यापासून बनलेल्या सर्व लॉटचा दर्जा बदलून त्यांना ‘रोखलेला’ असे ठरवले जाते. त्यानंतर त्या मालाचे बिल किंवा रवानगीपत्र निघू शकत नाही. गोदामात कोणी चुकून तो गाडीत चढवू लागला, तरी प्रणाली त्याला अडवते.

त्यानंतर पुढचा शोध. ४१२ पैकी ५०० किलो पूड तशीच २०० ग्रॅमच्या लाल तिखटाच्या पाकिटांत भरली गेली. त्यातून २,४८० पाकिटे झाली आणि चार किलो घट गेली. आणखी ६०० किलो कांदा-लसूण मसाल्यात पडली. मसाल्यात मिरचीचे प्रमाण चाळीस टक्के असल्याने एकूण १,५०० किलो मिश्रण तयार झाले. दहा किलो घट वजा जाता त्याची अर्ध्या किलोची २,९८० पाकिटे भरली गेली. उरलेली १०० किलो पूड गोदामात आहे. पाचशे, सहाशे आणि शंभर मिळून बाराशे होतात, म्हणजे पुडीचा हिशेब जुळला.

आता पाकिटांचा. तिखटाची ४०० आणि मसाल्याची ९८० पाकिटे अजून कारखान्यातच आहेत. बाकीची २,०८० आणि २,००० मिळून ४,०८० पाकिटे वितरकांकडे गेली आहेत. कोणत्या वितरकाला, कोणत्या तारखेला, कोणत्या लॉटची किती पाकिटे गेली, हे बिलांवरून काढता येते. हे दुवे शाबूत असतील, तर वितरकांना काही तासांत कळवता येते. ते नसतील, तर त्या तीन आठवड्यांत मिरचीचा अंश असलेले जे जे बनले, ते सारेच परत मागवावे लागते. ४,०८० पाकिटांचा प्रश्न मग कदाचित लाखाचा होतो.

नोंद खोटी ठरते तेव्हा

वरचा हिशेब कागदावर निर्दोष आहे. त्याचा कमकुवत दुवा मात्र गोदामाच्या दारात असतो. अनेक कारखान्यांत कच्चा माल देताना त्याची नोंद होत नाही. उत्पादन पूर्ण झाल्यावर ठरलेल्या प्रमाणानुसार ईआरपीच तो साठ्यातून वजा करते. याला बॅकफ्लश म्हणतात. लॉट कोणता, हे कोणी सांगितले नाही, तर ‘आधी आले ते आधी गेले’ असे प्रणाली गृहीत धरते. तिच्या लेखी ४१२ संपल्याशिवाय ४१३ ला हात लागत नाही. प्रत्यक्षात हमाल जे पोते पुढे असेल, ते उचलतो.

समजा, मसाल्यासाठी दिलेल्या २४ पोत्यांपैकी सहा पोती ४१३ ची होती आणि प्रणालीने सर्व २४ पोती ४१२ च्या खात्यावर लिहिली. तिच्या मते ४१२ ची चार आणि ४१३ ची ३२, अशी ३६ पोती शिल्लक आहेत. गोदामात ४१२ ची दहा आणि ४१३ ची २६ निघतात. बेरीज तीच, ३६. महिनाअखेरीची साठामोजणी फक्त एकूण वजन पाहत असेल, तर तिला यात काहीच वावगे दिसणार नाही.

ही चूक निरुपद्रवी नाही. नोटीस येण्यापूर्वीच ती सहा जादा पोती पुढच्या उत्पादनात गेली आणि त्यांची नोंद ४१३ म्हणून झाली, तर १५० किलो सदोष पुडीचा माल परत बोलावण्याच्या यादीत येतच नाही. तो दुकानात राहतो आणि तेथून स्वयंपाकघरात जातो. संगणकाचा वृक्ष नीटनेटका दिसत असतो, म्हणून कोणी शंकाही घेत नाही. ही चूक पकडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पोती लॉटनुसार मोजणे. ती होऊ नये यासाठी पोते फोडण्यापूर्वी त्यावरील बारकोड वाचून त्याच क्षणी नोंद करावी लागते. संगणकाने सुचवलेला लॉट आणि हातातील लॉट वेगळा असेल, तर काम तेथेच थांबले पाहिजे.

दुसरी अडचण मिसळण्याची. कालच्या घाण्यातील उरलेला मसाला आजच्या घाण्यात टाकला आणि त्याची नोंद केली नाही, तर दोन लॉटमधली भिंत पडते. एकाच मोठ्या टाकीत पूड सतत ओतली जात असेल, तर टाकी रिकामी करून स्वच्छ केल्याशिवाय एक लॉट संपला आणि दुसरा सुरू झाला, असे म्हणताच येत नाही. अशा वेळी दोन सफायांमधले सारे उत्पादन संशयित धरावे लागते. लॉट किती लहान, हे शेवटी संगणक नव्हे, तर ही सफाई ठरवते.

या चुका आधीच उघड व्हाव्यात म्हणून जाणते कारखाने लुटुपुटीची माघार घडवून पाहतात. एखादा लॉट अचानक निवडायचा, घड्याळ लावायचे आणि त्याचा किलो न् किलो कोठे आहे, हे सांगायचे. मिळालेला आकडा मूळ वजनापेक्षा कमी भरला, तर कोठेतरी नोंद सुटली आहे. तो जास्त भरला, तर दुसऱ्या लॉटचा माल याच्या खात्यावर आला आहे.

दारापलीकडचा प्रदेश

कारखान्याची ईआरपी वितरकाच्या दारापर्यंतच पाहू शकते. वितरकाने कोणत्या किराणा दुकानदाराला कोणत्या लॉटचे खोके दिले, हे वितरकाच्या वहीवर अवलंबून असते. दुकानदाराने ते कोणाला विकले, याची तर नोंदच नसते. युरोपीय संघाचा १७८/२००२ हा नियम जानेवारी २००५ पासून प्रत्येक व्यावसायिकाला ‘एक पायरी मागे आणि एक पायरी पुढे’ इतकी माहिती ठेवायला सांगतो. प्रत्येकाने आपली कडी सांभाळली, तरच साखळी पूर्ण होते. भारतात अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये माल परत घेण्याची तरतूद असून तिची कार्यपद्धती २०१७ च्या विनियमांनी ठरवून दिली आहे.

शेवटच्या पायरीवर उपयोगी पडतो, तो वस्तूवर छापलेला क्रमांक. ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने बीएल-५सी या बॅटरीबाबत सूचना काढली. या जातीच्या तीस कोटींहून अधिक बॅटऱ्या वेगवेगळ्या उत्पादकांकडून बनून बाजारात आल्या होत्या. चार्जिंग करताना तापण्याचा दोष मात्र मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपुरता होता. बॅटरी कोणाच्या हातात आहे, हे कंपनीला माहीत नव्हते. परंतु प्रत्येक बॅटरीवर २६ अक्षरांचा ओळखक्रमांक होता. ग्राहकाने तो संकेतस्थळावर भरायचा आणि आपली बॅटरी बदलून मिळेल की नाही, हे पाहायचे. भारतात तेव्हा हा फोन घरोघरी असल्याने असंख्य लोकांनी फोनचे झाकण उघडून तो बारीक क्रमांक वाचला. शोध येथे उलट्या बाजूने झाला. कंपनी ग्राहकापर्यंत पोहोचली नाही, ग्राहकच क्रमांक घेऊन कंपनीपर्यंत गेला.

मसाल्याच्या पाकिटाबाबतही तेच खरे आहे. वितरकाला फोन जातो, दुकानदार मांडणीवरून पाकिटे उतरवतो, पण विकली गेलेली पाकिटे फक्त पाकिटावरच्या बॅच क्रमांकामुळे ओळखू येतात. तिखट बरणीत ओतून पाकीट कचऱ्यात गेले, की पुरवठादाराच्या गाडीपासून सुरू झालेला हा सारा मागोवा त्या बरणीच्या झाकणाशी येऊन थांबतो.